गायगर ट्यूबने गॅमा फोटॉन दहापट जास्त मोजले? घनकोनाचा हिशोब तपासून हवा आहे

वैदेही_भौतिकी

नमस्कार मंडळी. एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. प्रयोगशाळेत एक आकडा गेले दोन आठवडे छळतोय, म्हणून इथे मांडते.

आमच्याकडे टोकाला अभ्रकाची खिडकी असलेली जीएम ट्यूब आहे. खिडकीचा व्यास २५ मिमी. सोर्स म्हणजे सीझियम-१३७ ची प्लास्टिकची चकती. तिच्यावर ५ मायक्रोक्युरी आणि मार्च २०१० असं छापलंय. चकती खिडकीपासून बरोबर १० सेंमीवर ठेवली आणि १० मिनिटं मोजलं. बॅकग्राउंड मिनिटाला २२. तो वजा करून मिनिटाला २,९०० काउंट आले.

माझा हिशोब असा. ५ मायक्रोक्युरी म्हणजे सेकंदाला १,८५,००० विघटनं. १५ वर्षांत, ३० वर्षांचं अर्धायुष्य धरून, उरली साधारण १,३१,०००. त्यातल्या ८५ टक्के विघटनांत ६६२ केव्हीचा गॅमा बाहेर पडतो, म्हणजे सेकंदाला सुमारे १,११,००० फोटॉन. ते सगळ्या दिशांना सारखे पसरतात. त्यातला खिडकीच्या वाट्याला येणारा भाग मी या सूत्राने काढला:

```
f = (1/2) * (1 - d / sqrt(d^2 + a^2))
d = 10, a = 1.25  ->  f = 0.00386
```

म्हणजे खिडकीवर सेकंदाला सुमारे ४३० फोटॉन पडायला हवेत. मोजले गेले ४८. कार्यक्षमता ११ टक्के.

सरांनी वही पाहिली आणि म्हणाले, "गॅमासाठी जीएम ट्यूब शंभरातला एखादा पकडते. अकरा शक्यच नाही." चूक कुठे आहे ते त्यांनी सांगितलं नाही, शोधून आण म्हणाले. सूत्र तीनदा तपासलं. व्होल्टेज प्लॅटोच्या मधोमध आहे. काय सुटतंय?

---

कोकणकडा

सूत्र बरोबर आहे. लांबच्या अंतराला तर एवढंही नको, त्रिज्येचा वर्ग भागिले चार गुणिले अंतराचा वर्ग केलं की झालं. तुझ्या केसमध्ये ०.००३९ येतं, फरक नगण्य.

मला दोन शंका आहेत. एक, चकतीवरचा आकडा. या शैक्षणिक चकत्या अंदाजाने भरलेल्या असतात, छापील आकड्यावर फार विसंबू नये. दोन, मधली हवा. १० सेंमी हवेत बरेच फोटॉन शोषले जात असणार, ते तू धरलेलं नाहीस.

---

वैदेही_भौतिकी

दादा, हवेने फोटॉन खाल्ले तर खिडकीवर ४३० पेक्षा कमी पडतील, मग कार्यक्षमता आणखी वाढेल ना? माझी अडचण उलट आहे, काउंट जास्त येतायत.

---

कोकणकडा

हो, खरं आहे. मग चकतीच. ती दहापट जोरदार असेल.

---

दिवेलागण

मी एलईडी फिटिंगच्या धंद्यात आहे. फोटॉन म्हटल्यावर धागा उघडला. आमच्याकडे लुमेन आणि कँडेला असतात, आणि कुठलाही दिवा सगळ्या दिशांना सारखा प्रकाश देत नाही. मागच्या बाजूला तर काहीच नसतं. तुम्ही सरळ सगळीकडे सारखं वाटून टाकलंत, ते कशाच्या आधारावर? लक्स मीटरने आधी वितरण मोजून घ्या, असं सुचवतो.

---

जुनी_प्रयोगशाळा

दिवेलागण, लक्स मीटरला हे फोटॉन दिसायचे नाहीत, यांची ऊर्जा दिव्याच्या प्रकाशाच्या काही लाख पट आहे. पण प्रश्न रास्त आहे. दिव्याला रिफ्लेक्टर असतो, अणुकेंद्राला नसतो. चकतीत अब्जावधी अणू वाटेल तसे वळलेले पडलेत, एका दिशेला झुकतं माप द्यायला कोणी नाही. तेव्हा निघताना फोटॉन सगळीकडे सारखे निघतात, हे धरायला हरकत नाही. बाहेर पडताना चकतीचं प्लास्टिक मध्ये येतं. ६६२ केव्हीला ते मिलिमीटर-दोन मिलिमीटर प्लास्टिक जवळजवळ पारदर्शक आहे.

कोकणकडा, हवेचं सांगतो. १० सेंमी हवेत या ऊर्जेचे हजारात एखाद-दुसरेच फोटॉन अडतात. ते विसरून जा. चकतीच्या आकड्यावर २० टक्क्यांपर्यंत इकडे-तिकडे मी मान्य करीन, तेवढी सूट देतातच. दहापट नाही.

वैदेही, तुझ्या हिशोबात चूक नाही. चूक प्रश्नात आहे. तू फोटॉन मोजलेस असं तू धरून चालली आहेस. सीझियम-१३७ आधी काय सोडतं? बीटा. शंभरातल्या ९४ विघटनांत ५१४ केव्हीपर्यंतचा बीटा निघतो, उरलेल्यांत त्याहून जोरकस. शिवाय काही गॅमा बाहेर न पडता आपली ऊर्जा कवचातल्या इलेक्ट्रॉनला देऊन टाकतात आणि तो ६२४ केव्हीचा इलेक्ट्रॉन बाहेर येतो. अभ्रकाची खिडकी मुळात बीटासाठीच पातळ ठेवलेली असते. आत शिरलेला जवळजवळ प्रत्येक बीटा ट्यूब मोजते, गॅमा शंभरातला एखादा. तेव्हा चकतीच्या प्लास्टिकमधून दहातला एक बीटा जरी निसटला, तरी तो सगळे गॅमा झाकून टाकेल.

३ मिमी जाडीचा अॅल्युमिनियमचा पत्रा मध्ये ठेव आणि पुन्हा १० मिनिटं मोज. ५१४ केव्हीचा बीटा पाऊण मिलिमीटरच्या आत थांबतो, सगळ्यात जोरकस सुद्धा २ मिमीच्या आसपास. गॅमा मात्र शंभरातले सहाच अडतील. मोजून आकडा इथे टाक.

---

गामाताई

मी न्यूक्लिअर मेडिसिनमध्ये तंत्रज्ञ आहे. हा प्रश्न आमच्याकडे रोज असतो, पण आम्ही तो सोडवतच नाही, टाळतो. कसं ते सांगते.

थायरॉइडचा रुग्ण येतो. त्याला आयोडीन-१३१ ची छोटी मात्रा तोंडाने देतात. २४ तासांनी त्याच्या गळ्यासमोर सोडियम आयोडाइडचा प्रोब २५ सेंमीवर लावून ३६४ केव्हीचे काउंट घेतात. आता मात्रेतला किती भाग गळ्यात साठला हे हवं असेल, तर वैदेहीसारखा हिशोब करता येईल: घनकोन, स्फटिकाची कार्यक्षमता, विघटनामागे किती गॅमा, मानेच्या मांसात किती अडले. एवढ्या पायऱ्यांत चूक व्हायला भरपूर जागा आहे. म्हणून आम्ही तेवढीच मात्रा असलेली दुसरी कॅप्सूल प्लास्टिकच्या मान-फॅंटममध्ये ठेवतो, त्याच २५ सेंमीवर, त्याच प्रोबने मोजतो, आणि भागाकार करतो. घनकोन वरही तोच, खालीही तोच, उडून जातो. कार्यक्षमताही उडते. २४ तासांत झालेला ऱ्हासही उडतो, कारण कॅप्सूलही तेवढीच जुनी झालेली असते.

उडत नाही ते एकच: अंतरातली चूक. रुग्ण दीड सेंमी पुढे झुकला तर २५ चे २३.५ होतात, आणि काउंट १३ टक्क्यांनी वाढतात. नवीन मुलींना मी हेच आधी शिकवते, की रुग्णाला खुर्चीच्या पाठीला नीट टेकू द्या आणि पट्टीने मोजा, डोळ्यांनी नको.

वैदेही, तुमच्या विभागात प्रमाणपत्र असलेला कॅलिब्रेटेड सोर्स आहे का? असेल तर तो त्याच जागी ठेवून मोजा, निम्मा वाद संपेल.

---

वैदेही_भौतिकी

कॅलिब्रेटेड सोर्स नाही, ताई. विचारलं.

पण जुनी_प्रयोगशाळा सर, पत्रा लावला! १० सेंमीवर बॅकग्राउंड वजा जाता मिनिटाला २१२. म्हणजे २,९०० पैकी सुमारे २,७०० बीटा आणि इलेक्ट्रॉन होते. मी दोन आठवडे त्यांना फोटॉन म्हणून मोजत होते.

आता सेकंदाला ३.५३ भागिले ४३०, म्हणजे ०.८२ टक्के. पत्र्यात अडलेले सहा टक्के धरले तर ०.८७. सरांचा "शंभरातला एखादा" जुळला. मला वाटतं प्रश्न सुटला. सगळ्यांचे मनापासून आभार.

---

जुनी_प्रयोगशाळा

सुटलेला नाही. आकडा जुळला म्हणून थांबू नकोस. हा ०.८७ नेमका कशाचा आकडा आहे?

तू ४३० फोटॉन खिडकीवर मोजलेस. बीटासाठी ते योग्य होतं, कारण बीटा खिडकीतूनच येतो आणि आला की मोजला जातो. गॅमाचं तसं नाही. ट्यूबमधला वायू इतका विरळ आहे की गॅमा त्यातून सहज पार जातो. तो धडकतो तो ट्यूबच्या धातूच्या भिंतीवर, आणि तिथून उडालेला इलेक्ट्रॉन वायूत आला तर एक काउंट पडतो. तो इलेक्ट्रॉन जास्तीत जास्त ४७८ केव्हीचा, आणि पोलादात अशा इलेक्ट्रॉनची धाव फार तर पाव मिलिमीटर. म्हणजे भिंत कितीही जाड असो, कामाची फक्त आतली पाव मिलिमीटरभर साल. एवढ्या पोलादात ६६२ केव्हीचा फोटॉन धडकण्याची शक्यता शंभरात एखादी. जीएम ट्यूबचा तो प्रसिद्ध एक टक्का इथून येतो. हा ढोबळ अंदाज आहे. प्रत्यक्षात बरेच फोटॉन भिंतीला तिरपे घासून जातात, त्यांचा सालीतला प्रवास वाढतो, आणि उडालेले सगळे इलेक्ट्रॉन आत वळत नाहीत.

भिंत खिडकीपासून मागे पसरलेली आहे. मग १० सेंमी हे अंतर कुठपर्यंतचं? गॅमाला खिडकी ठाऊकच नाही. त्याच्या दृष्टीने ट्यूब खिडकीच्या मागे कुठेतरी आहे.

हे मोजता येतं. पत्रा त्याच खाचेत राहू दे आणि ५, १०, १५, २०, ३० सेंमीवर मोज. आलेख काउंट विरुद्ध अंतर असा काढू नकोस. काउंटच्या वर्गमुळाचा व्यस्त घे आणि तो अंतरासमोर मांड. व्यस्त-वर्गाचा नियम खरा असेल तर सरळ रेषा येईल. ती अंतराच्या अक्षाला शून्यावर कापणार नाही, शून्याच्या डावीकडे कापेल. जेवढी डावीकडे, तेवढी गॅमासाठीची ट्यूब खिडकीच्या मागे.

---

कोकणकडा

सर, हे जरा अती वाटतं. प्रॅक्टिकलच्या पुस्तकात खिडकीपासूनच अंतर घेतात. सगळे तसंच करतात, आणि तसं करूनच तो एक टक्का सांगितला जातो. तुम्ही प्रतल हलवलंत तर तुमचा टक्का इतरांच्या टक्क्याशी कसा जुळवायचा?

---

जुनी_प्रयोगशाळा

हा मुद्दा मला मान्य आहे. खिडकी हे प्रतल घ्यायचं असं ठरवून टक्का सांगितला, आणि प्रत्येक वेळी तेच अंतर ठेवलं, तर काही बिघडत नाही. बिघडतं ते १० सेंमीवर काढलेला टक्का ३ सेंमीवर वापरला की. तिथे प्रत्यक्षातला घनकोन आणि कागदावरचा घनकोन यांची फारकत होते.

जवळच्या अंतराला तुमचं त्रिज्येचा वर्ग भागिले चार अंतरवर्गही टिकत नाही, तेही सांगून ठेवतो. २ सेंमीवर पूर्ण सूत्राने ०.०७६ येतं, तुमच्याने ०.०९८. जवळजवळ तीस टक्क्यांची चूक.

---

द्राक्षबाग

राम राम. मी सांगली जिल्ह्यातला, द्राक्ष बागायतदार. मुलाने रशियन एसबीएम-२० ट्यूबचं किट जोडलंय. पोटॅश खतात किरणोत्सर्ग असतो असं वाचलं, म्हणून एमओपी आणलं आणि किलोभर डब्यात भरून ट्यूब वर आडवी ठेवली. मोकळ्या टेबलावर मिनिटाला २२ येत होते, डब्यावर ३९.

आता हा धागा वाचून हिशोब केला. एमओपीत निम्मं पोटॅशियम. एक ग्रॅम पोटॅशियममध्ये सेकंदाला ३१ विघटनं. म्हणजे किलोला साडेपंधरा हजार. आणि मला मिनिटाला १७ मिळतात! मग मी दुकानदाराच्या गोदामात पोत्यांच्या थप्पीवर ट्यूब ठेवून पाहिली, म्हटलं शेकडो किलो आहे, मीटर नाचेल. तिथे ४४. माझी ट्यूब खराब आहे की खतात भेसळ?

---

अवकाशवेडा

द्राक्षबाग दादांचं उत्तर जाणकार देतीलच, तोवर एक जुनी गोष्ट सांगतो, कारण हाच हिशोब इतिहासात एकदा फार मोठ्या कामाला आला होता.

१९०८ साली मँचेस्टरला रदरफोर्ड आणि गायगर यांना एक ग्रॅम रेडियममधून सेकंदाला किती अल्फा कण निघतात ते हवं होतं. एवढे कण कुठलंच यंत्र मोजू शकत नव्हतं. म्हणून त्यांनी सोर्स एका लांब नळीत ठेवला, नळीतली हवा काढून टाकली, आणि दुसऱ्या टोकाला बारीकसं भोक ठेवलं. त्या भोकातून मिनिटाला मोजके कण डिटेक्टरमध्ये येत. प्रत्येक कणाला विद्युतमापकाचा काटा झटका देई, आणि तो झटका डोळ्यांनी पाहून मोजायचा. भोकाचं क्षेत्रफळ आणि अंतर ठाऊक, म्हणजे घनकोन ठाऊक. त्यावरून मागे जात त्यांनी ग्रॅममागे सेकंदाला ३.४ गुणिले दहाचा दहावा घात असा आकडा काढला. पुढे क्युरी हे एकक ३.७ वर ठरलं. बारीक भोक आणि डोळ्यांनी पाहिलेला काटा एवढ्यावर ते इतके जवळ गेले होते, याचं मला दर वेळी नवल वाटतं.

त्यांना एक सोय होती. आत आलेला प्रत्येक अल्फा मोजला जाई, कार्यक्षमता पूर्ण. वैदेहीचे फोटॉन तसे नाहीत.

---

जुनी_प्रयोगशाळा

अवकाशवेडा, छान आठवण केलीत. आणि त्यांनी हवा का काढली तेही यातच आलं. अल्फाला हवा भिंतीसारखी असते, गॅमाला ती नसल्यासारखीच.

द्राक्षबाग दादा, तुमची ट्यूबही चांगली आहे आणि यावरून खताबद्दल काहीच म्हणता येत नाही. तुमच्या १७ काउंटमध्ये बहुतेक बीटा आहेत. पोटॅशियम-४० शंभरात ८९ वेळा बीटा सोडतं, गॅमा फक्त अकरा वेळा. त्या बीटाची जास्तीत जास्त ऊर्जा १.३ एमईव्ही. सुट्या खतात तो फार तर पाच-सहा मिलिमीटर जातो. म्हणजे तुमच्या ट्यूबला डब्यातली वरची बोटभरही नाही एवढीच जाडी दिसते. खालचं सगळं खत बीटासाठी नसल्यासारखं. थप्पीवर थोडी वाढ झाली ती गॅमाची, आणि ट्यूबच्या दोन्ही बाजूंनी वरचा पृष्ठभाग पसरलेला होता त्याची. शिवाय गोदामातलं बॅकग्राउंड तुम्ही वेगळं घेतलंत का? भिंती-फरशीचंही असतं.

वैदेहीचं सूत्र इथे चालणार नाही. तिचा सोर्स एक ठिपका आहे. तुमच्या डब्यात प्रत्येक कणाला ट्यूब वेगळ्या अंतरावर, वेगळ्या कोनात, वेगळ्या जाडीच्या खतामागून दिसते. ते सगळं बेरजेला घेणं कागदावर फार अवघड. गामाताईंची युक्ती वापरा. शुद्ध पोटॅशियम क्लोराइड तशाच डब्यात, तेवढ्याच उंचीपर्यंत भरा, ट्यूब तशीच ठेवा, आणि दोन्हींचा भागाकार करा.

---

द्राक्षबाग

बरं सर. हे झेपण्यासारखं आहे. पण मिनिटाला १७ च्या जागी १५ आले तर भेसळ म्हणायची का नाही?

---

गामाताई

दादा, एका मिनिटावर काहीच म्हणायचं नाही. ३९ काउंटमध्ये सहज सहाचा चढउतार असतो, कारण हे मोजमाप पावसाच्या थेंबांसारखं आहे, दर मिनिटाला सारखे पडत नाहीत. एकूण काउंटचं वर्गमूळ म्हणजे तो चढउतार. रात्रभर लावून ठेवा, ८ तासांत १८-१९ हजार काउंट जमतील, मग चढउतार १४० च्या आसपास, म्हणजे शंभरात एकाहूनही कमी. बॅकग्राउंडलाही तेवढाच वेळ द्या. तेव्हा १५ आणि १७ मधला फरक ओळखता येईल.

---

वैदेही_भौतिकी

मोजून आले. पत्रा खाचेतच, प्रत्येक अंतराला १० मिनिटं. बॅकग्राउंड वजा जाता मिनिटाला ५ सेंमीवर ६२८, १० वर २१२, १५ वर १०३, २० वर ६३, ३० वर ३६.

पहिले चार बिंदू रेषेवर सुंदर बसले. रेषा अक्षाला शून्याच्या डावीकडे जवळजवळ २ सेंमीवर कापते. म्हणजे सर म्हणाले तसं, गॅमासाठी ट्यूब खिडकीच्या २ सेंमी मागे आहे. खरं सांगते, आलेख काढेपर्यंत मला ते पटलं नव्हतं.

आता १० च्या ऐवजी १२ सेंमी धरून, व्यास तोच ठेवला, तर त्या प्रतलावर सेकंदाला ३०० फोटॉन येतात, आणि कार्यक्षमता १.२५ टक्के. खिडकी धरली तर ०.८७. वहीत कुठला लिहू?

दुसरं, ३० सेंमीचा बिंदू. रेषेप्रमाणे तिथे ३० यायला हवे, आले ३६. काउंटवरून चूक काढली तर अधिक-उणे ३. दुप्पट चूक. नशीब म्हणू की काही आहे?

---

कोकणकडा

वहीत ०.८७ लिही आणि पुढे "खिडकीपासून १० सेंमी" असं लिही. वाचणाऱ्याला तू काय केलंस ते कळेल. प्रतल मागे घेऊन व्यास मात्र खिडकीचाच ठेवणं मला अर्धवट वाटतं. भिंत लांब आहे, तिचा व्यास वेगळा आहे. १.२५ ला नेमका अर्थ काय?

३० सेंमीचं म्हणशील तर चकती ३० वर नेताना ती भिंतीजवळ गेली असेल. भिंतीवरून, टेबलावरून उसळून आलेले फोटॉन जास्तीचे.

---

जुनी_प्रयोगशाळा

कोकणकडांचं पहिलं म्हणणं मी मान्य करतो. १.२५ ला स्वतंत्र अर्थ फार नाही. पण ती २ सेंमी खरी आहेत, आणि एका अंतरावरून दुसऱ्या अंतराचा अंदाज बांधताना तीच कामाला येतील. दोन्ही लिही, अंतरासकट. चकतीच्या छापील आकड्यातली २० टक्क्यांची अनिश्चितताही लिही. ती टक्क्याला लागू पडते, रेषेला नाही. चकती निम्मी निघाली तरी रेषा त्याच ठिकाणी कापेल.

उसळून आलेल्या फोटॉनांबद्दल मी लगेच हो म्हणणार नाही. दुप्पट चूक वीसातून एकदा नशिबानेही येते. आणि तू बॅकग्राउंड एकदाच घेतलंस. ३० सेंमीवर चकती आणि ट्यूब यांच्या बरोबर मध्ये शिशाची ५ सेंमी जाडीची वीट उभी कर आणि ४० मिनिटं मोज. थेट येणारे फोटॉन विटेत जवळजवळ संपतील, भिंतीवरून वळसा घालून येणारे येत राहतील. बॅकग्राउंडपेक्षा काही उरलं तर कोकणकडा बरोबर.

आणखी एक, हे मी आधीच सांगायला हवं होतं. तो पत्रा बीटा अडवतो, पण गॅमा त्याच्यावर आदळून त्यातूनही इलेक्ट्रॉन उडवतो, आणि शेवटच्या अर्ध्या-पाऊण मिलिमीटरमधले इलेक्ट्रॉन बाहेर पडून खिडकीतून आत जातात. ते आत गेले की हमखास मोजले जातात. शंभरातला एखादा पकडणाऱ्या ट्यूबसाठी ही भर क्षुल्लक नाही. म्हणजे तुझ्या २१२ मधले काही पत्र्याचे आहेत, ट्यूबच्या भिंतीचे नाहीत. किती, ते मला आत्ता सांगता येणार नाही. पत्रा चकतीजवळ आणि खिडकीजवळ असा दोन्हीकडे ठेवून काउंट बदलतात का पाहा. मग त्याच जाडीचं पर्स्पेक्सही लावून पाहा.

---

दिवेलागण

मी आलो होतो लक्स मीटर घेऊन, पण शेवटपर्यंत वाचलं. सगळं मान्य करून, चकतीतून निघालेल्या किती फोटॉनांमागे तुमच्या यंत्राचा एक काउंट पडला? तेवढं सांगा म्हणजे मला अंदाज येईल.

---

वैदेही_भौतिकी

१० सेंमीवर, पत्र्यासकट: सेकंदाला १,११,००० निघतात, साडेतीन मोजले जातात. साधारण साडेएकतीस हजारांमागे एक. यातलं २६० पट नुकसान नुसत्या घनकोनामुळे, बाकीचे ट्यूबमधून आरपार गेले. यात कुठलंही प्रतल धरावं लागत नाही, म्हणून हा आकडा मी वहीत सगळ्यात वर लिहिलाय.

शिशाची वीट शेजारच्या प्रयोगाला लागलीय. गुरुवारी मिळेल. पत्रा खिडकीला टेकवून मात्र आज पाहिलं, १० सेंमीवर २१२ चे २३१ झाले. सहाच मिनिटं मोजलंय, त्यामुळे यावरून अजून काही म्हणत नाही.

---

द्राक्षबाग

पोटॅशियम क्लोराइडची अर्ध्या किलोची बाटली मागवली. दोन डबे सारखे घेतलेत, दोन्हींवर आतून चार बोटांवर खूण केलीय. ट्यूब डब्यावर टेकते तिथे लाकडी पट्ट्या ठोकल्या, म्हणजे हलायला नको. आज रात्री बॅकग्राउंड, उद्या रात्री खत, परवा बाटली. तिन्ही रात्री लाइट टिकली तर रविवारी आकडे टाकतो.